ईडीपी घेतला तरी दुपारपर्यंत उडतो: नेमकं काय तपासायचं

ही तक्रार नेहमी एकाच वळणाने येते. आधी ईडीटी, म्हणजे ओ द त्वालेत प्रकारचा परफ्यूम, वापरत होतो. तो तीन-चार तासांत उडायचा. कुणीतरी सांगितलं, ‘ईडीपी घे, ओ द पार्फम, त्यात तेल जास्त असतं, दिवसभर टिकतो.’ जास्तीचे पैसे मोजून ईडीपी आणला, तर तोही डबा खायच्या वेळेपर्यंत गायब. मग पुढचे तर्क ठरलेले असतात. एक तर दुकानदाराने डुप्लिकेट गळ्यात मारला, नाहीतर ‘माझ्या स्किनवर काही टिकतच नाही’.

दोन्ही गोष्टी घडतात, पण लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप कमी. मी सुगंधांची मिश्रणं करण्याच्या कामात आहे, त्यामुळे नातेवाईक आणि शेजारी बाटल्या घेऊन माझ्याकडे येतात. त्यातला माझ्या मावसभावाचा किस्सा इथे पूर्ण उलगडून सांगते, कारण ही तक्रार ज्या कारणांनी होते त्यातली बहुतेक कारणं त्याच्या एकट्यात सापडली. तो कोथरूडला राहतो, रोज स्कूटरने हिंजवडीला जातो आणि दिवसभर एसीत बसतो. पूर्वी लिंबूवर्गीय वासाचा एक ईडीटी वापरायचा. दिवाळीत त्याने दुसऱ्या ब्रँडचा ईडीपी घेतला. तोही ‘फ्रेश’ म्हणून विकला जाणारा, आणि बराच महाग. महिन्याभराने मला म्हणाला, “ताई, हा तर आधीच्यापेक्षा लवकर उडतोय. फसवलं ना मला?”

फसवलं नव्हतं.

बाटलीवरची अक्षरं काय सांगतात

परफ्यूमच्या बाटलीत मुख्यतः तीन गोष्टी असतात: सुगंधी तेलांचं मिश्रण, अल्कोहोल आणि थोडं पाणी. ईडीटी, ईडीपी ही नावं त्यातल्या पहिल्या घटकाचं प्रमाण सुचवतात. प्रचलित अंदाज असा: ओ द कलोनमध्ये २ ते ५ टक्के, ईडीटीत ५ ते १५, ईडीपीत १५ ते २०, आणि पार्फम किंवा एक्स्ट्रे असं लिहिलं असेल तर २० ते ३०, क्वचित त्याहून जास्त. बॉडी मिस्टमध्ये जेमतेम १ ते ३ टक्के.

यातला ‘प्रचलित’ हा शब्द महत्त्वाचा. हे आकडे म्हणजे धंद्यातला रिवाज आहे, कायद्याने आखलेल्या रेषा नाहीत. एका कंपनीचा ईडीटी १४ टक्क्यांचा आणि दुसरीचा ईडीपी १५ टक्क्यांचा असू शकतो, आणि दोघीही खरंच बोलत असतात. नेमका टक्का बाटलीवर कुणी छापत नाही.

इथेच एक गंमतीचा गोंधळ होतो. बऱ्याच बाटल्यांवर किंवा खोक्यावर ‘८०% व्हॉल’ असं काहीतरी छापलेलं असतं. मावसभावाने तेच बोट ठेवून दाखवलं: “हे बघ, ८० टक्के आहे!” तो आकडा अल्कोहोलचा असतो. त्यात तेल ८० टक्के असतं तर तो फवारलाच गेला नसता, आणि फवारला असता तर शर्टवर बोटभर डाग उमटला असता.

आता खरा मुद्दा. ही अक्षरं तेल किती आहे ते सांगतात, तेलात काय आहे ते सांगत नाहीत. डब्यावर ‘मोठा डबा’ लिहिलं आहे, पण आत ताक आहे की पिठलं हे उघडल्याशिवाय कळणार नाही, तसंच हे. आणि वास किती वेळ टिकणार हे मुख्यतः आत काय आहे त्यावर ठरतं.

जास्त तेल म्हणजे किती जास्त वेळ?

हा हिशोब एकदा नीट केला की निम्मे गैरसमज आपोआप जातात. त्वचेवर पडलेला सुगंधी घटक हळूहळू हवेत उडतो. ढोबळमानाने प्रत्येक घटकाचा ‘निम्मा होण्याचा वेळ’ असतो असं समजा. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन हलकं असतं, त्याचा रेणूभार १३६. ते भराभर उडतं. गॅलेक्सोलाइडसारखा कस्तुरीच्या वासाचा कृत्रिम घटक २५८ रेणूभाराचा असतो आणि तासन्‌तास बसून राहतो. (रेणूभार हा एकमेव निकष नाही. व्हॅनिलिन रेणूभाराने हलकं असूनही चिवट आहे, कारण त्याचे रेणू एकमेकांना जास्त घट्ट धरून असतात.)

समजण्यासाठी आकडे धरू. हलका घटक दर १५ मिनिटांनी निम्मा होतो आणि जड घटक दर ५ तासांनी निम्मा होतो. आता तुम्ही १० टक्क्यांच्या ईडीटीवरून १८ टक्क्यांच्या ईडीपीवर गेलात. तेल जवळजवळ दुप्पट झालं, पण पूर्ण दुप्पट नाही. दुप्पट मात्रेने मिळतो तो फक्त एक ‘निम्मा होण्याचा वेळ’, कारण दुप्पट मात्रा एकदा निम्मी झाली की तुम्ही पुन्हा जुन्याच जागी येता. म्हणजे लिंबाचा वास फार तर १३ मिनिटं जास्त टिकला. जड कस्तुरीचा वास मात्र चारेक तास जास्त टिकला.

थोडक्यात, तेलाचं प्रमाण वाढवण्याचा फायदा चिवट घटकांना होतो. लिंबू, मोसंबी, पुदिना, लॅव्हेंडर अशा हलक्या वासांना तो जवळपास मिळतच नाही. ज्याला ईडीटीतला तो पहिल्या दहा मिनिटांचा टवटवीत वास आवडतो आणि तोच दिवसभर हवा आहे, त्याने ईडीपी, पार्फम, काहीही घेतलं तरी पदरी निराशाच आहे. हलकं आहे म्हणूनच ते टवटवीत वाटतं. १७०९ मध्ये कोलोन शहरात योहान मारिया फारिना यांच्या घराण्याने जे ‘कलोन’ विकायला सुरुवात केली, तेही असंच लिंबूवर्गीय आणि अल्पायुषी होतं. ते दिवसभर टिकावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती.

शिवाय एकाच नावाचा ईडीटी आणि ईडीपी म्हणजे तेच मिश्रण, फक्त एक पातळ आणि एक दाट, असं सहसा नसतं. दिओरचा ‘सोवाज’ घ्या. ईडीटी २०१५ चा, ईडीपी २०१८ चा, पार्फम २०१९ चा. तिन्हींची घडण वेगळी आहे: ईडीटी तिखट आणि टोकदार, ईडीपीत व्हॅनिलाचा गोडवा वाढलेला, पार्फममध्ये चंदनाकडे झुकलेला तळ. शनेलच्या ‘ब्लू’चंही तसंच: २०१०, २०१४, २०१८. म्हणजे ईडीपी जास्त टिकतो तेव्हा त्याचं श्रेय बरेचदा टक्क्यापेक्षा या बदललेल्या, जड केलेल्या तळाचं असतं. आणि याच कारणाने काही जणांना ईडीपी आवडत नाही. त्यांना ईडीटीचा वास हवा होता, हाती आला त्याचा गोडसर चुलतभाऊ.

पहिली तपासणी: वास खरंच गेला का?

मावसभावाला मी पहिलं हेच विचारलं. “गेला हे कुणी सांगितलं?” तो म्हणाला, “मला येत नाही ना!” हा पुरावा धरायचा नाही. एकच वास सतत नाकाशी राहिला की मेंदू त्याची दखल घेणं बंद करतो. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्यांना दारातच येतो, तोच प्रकार. मानेवर, म्हणजे नाकाच्या अगदी खाली, परफ्यूम मारला की हे आणखी लवकर होतं.

त्यात भर म्हणजे आजच्या ‘फ्रेश’ पुरुषी परफ्यूमच्या तळाशी जे घटक असतात, म्हणजे अँब्रॉक्सान, आयसो ई सुपर आणि कृत्रिम कस्तुऱ्या, ते नाकाला चकवा देण्यात पटाईत आहेत. काही लोकांना यातला एखादा घटक जन्मतःच येत नाही. बाकीच्यांना तो येतो, जातो, मध्येच पुन्हा येतो. त्यामुळे वापरणारा म्हणतो ‘उडाला’, आणि शेजारच्या डेस्कवरचा सहकारी म्हणतो ‘आज खूपच मारलायस’.

यासाठी घरच्या घरी एक चाचणी करता येते. त्यासाठी सुट्टीचा दिवस घ्या. कॉफी गाळायच्या कागदाची किंवा वासरहित जाड कागदाची पट्टी घ्या आणि टोकाला एक फवारा मारा. दुसरा फवारा कोपराच्या आतल्या बाजूला मारा आणि त्यानंतर तो भाग धुवू नका. तिसरा धुतलेल्या सुती रुमालावर. अल्कोहोल उडायला दोन मिनिटं द्या, तोपर्यंत नाक लावू नका. मग पाव तासाने, तासाने, चार तासांनी आणि आठ तासांनी वास घ्या. प्रत्येक वेळी घरातल्या दुसऱ्या कुणालातरी घ्यायला लावा, आणि ती व्यक्ती आधी बाहेर गॅलरीत उभी राहून आलेली असावी. परफ्यूमच्या दुकानात वाटीत कॉफीच्या बिया ठेवतात त्यांचा फार उपयोग नाही. मोकळी हवा किंवा स्वतःच्या बाहीचा वास पुरतो.

निकाल असा वाचायचा. दुसऱ्याला हातावर वास येतो आणि तुम्हाला येत नाही, तर परफ्यूम ठीक आहे, नाक थकलं आहे. कागद आणि रुमालावर आठ तासांनीही वास आहे पण हातावर दोन तासांतच दोघांनाही काही येत नाही, तर त्वचा किंवा मात्रा यांच्याकडे बघायचं. कागदावर तो नेहमीच जास्त टिकतो, कारण त्वचा गरम असते आणि तेल काही प्रमाणात मुरतंही. त्यामुळे थोडा फरक मनावर घेऊ नका, मोठा फरक बघा. आणि कागदावरही चार तासांत काही उरलं नाही, तर मिश्रणच हलकं आहे. त्यावर इलाज करत बसू नका.

मावसभावाच्या बाबतीत आठ तासांनंतर त्याच्या बायकोला हातावर स्वच्छ वास येत होता. साबणासारखा, कोरड्या लाकडासारखा. त्याला काहीच येत नव्हतं. अर्धी केस तिथेच निकालात निघाली. पण अर्धीच, कारण ऑफिसच्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर तिलाही वास येत नव्हता.

दुसरी तपासणी: अंगावर नेमकं किती पडतं?

इथे खरी गोम सापडली. ईडीपी महाग म्हणून तो जपून वापरत होता. मोठी बाटली कपाटात, आणि रोजच्या वापरासाठी १० मिलिचा एक छोटा स्प्रे भरून बॅगेत. रोज दोन फवारे, दोन मनगटांवर. “ईडीपी आहे ना, दोन बास,” हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

साधारण मोठ्या बाटलीचा पंप एका दाबात ०.१ मिलिच्या आसपास द्रव सोडतो. छोट्या स्प्रेचे पंप बरेचदा कमी सोडतात. किती, ते मोजता येतं. ग्रॅमचा दशांश दाखवणारा बारीक वजनकाटा घ्यायचा, स्प्रेचं वजन करायचं, दहा फवारे बेसिनमध्ये मारायचे आणि पुन्हा वजन करायचं. (जीव तुटतो, पण मारायचे.) ०.८ ग्रॅमच्या जवळपास घट झाली तर पंप ०.१ मिलिचा आहे, कारण हे द्रव पाण्यापेक्षा हलकं असतं, मिलिला साधारण ०.८ ग्रॅम. त्याच्या स्प्रेत घट झाली ०.५ ग्रॅम. म्हणजे एका फवाऱ्यात ०.०६ मिलि.

आता जुना आणि नवा हिशोब शेजारी ठेवू. ईडीटीचे तो मोकळ्या हाताने चार फवारे मारायचा, मोठ्या बाटलीतून. ०.४ मिलि द्रव, त्यात १० टक्के तेल धरलं तर साधारण ४० मिलिग्रॅम. ईडीपीचे दोन फवारे, छोट्या स्प्रेतून. ०.१२ मिलि द्रव, त्यात १८ टक्के धरलं तरी साधारण २२ मिलिग्रॅम. महाग आणि दाट परफ्यूमवर जाऊन त्याने अंगावर पडणारं तेल जवळपास निम्म्यावर आणलं होतं. टक्के वाढले, तेल कमी झालं. ‘आधीच्यापेक्षा लवकर उडतोय’ ही त्याची तक्रार अगदी खरी होती.

‘ईडीपीचे दोनच फवारे’ हा सल्ला सरसकट चुकीचा नाही. गोड, जड, धुपासारख्या ईडीपीचे चार फवारे घेऊन कॉन्फरन्स रूममध्ये बसलात तर लोक खिडकी शोधतील. पण हलक्या, ताज्या ईडीपीला तो नियम लावायचं कारण नाही.

तिसरी तपासणी: कुठे मारता आणि मग काय होतं

मनगट ही परफ्यूमसाठी सगळ्यांत प्रसिद्ध आणि माझ्या मते सगळ्यांत वाईट जागा. दिवसातून पाच-सहा वेळा हात धुतले जातात, सॅनिटायझर लागतो, आणि सॅनिटायझर म्हणजे तर अल्कोहोलच, तेल विरघळवून घेऊन जाणारं. मावसभाऊ मनगटांवर मारून लगेच स्कूटरवर बसायचा. चांदणी चौक ओलांडेपर्यंत वाऱ्याने वरचा थर साफ, ऑफिसात पोचल्यावर हात धुतले की उरलेलं साफ.

मनगटं एकमेकांवर घासल्याने ‘रेणू तुटतात’ असं म्हणतात, त्यात तथ्य नाही. घासण्याने त्वचा गरम होते, तेल जास्त जागेवर पसरतं आणि हलका भाग लवकर उडतो, एवढंच. पण तेही आपल्याला नको आहे. पसरण्याचा मुद्दा एरवीही लक्षात ठेवा: तेवढंच तेल जास्त जागेवर पसरलं की लवकर उडतं. त्यामुळे हवेत ढग उडवून त्यातून चालत जाण्यात बहुतेक माल फरशीवर पडतो, आणि जो अंगावर येतो तो विरळ. चार-सहा इंचांवरून, एका जागी, एक फवारा मारावा.

पुण्याची हवा हाही एक घटक आहे, पण लोक म्हणतात तसा थेट नाही. मार्च-एप्रिलमधली कोरडी गरमी आणि डिसेंबरमधली कोरडी थंडी, दोन्हींत त्वचा कोरडी पडते, आणि कोरड्या त्वचेवर तेल धरून ठेवायला काही नसतं. उपाय साधा आहे: आंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलिनचा पुसटसा थर लावा, पाच मिनिटं थांबा, त्यावर परफ्यूम मारा. हलके घटक या थरात विरघळून जरा सावकाश बाहेर येतात. सुगंधी लोशन नको. त्याचा वास परफ्यूममध्ये मिसळून तिसरंच काहीतरी तयार होतं. जून-जुलैत हवा दमट झाली की तोच परफ्यूम जास्त जाणवतो, असा बहुतेकांचा अनुभव असतो. तेव्हा एक फवारा कमी केला तरी चालतं.

कपड्यावर तो त्वचेपेक्षा जास्त टिकतो. सुती शर्टाच्या आतल्या बाजूला, छातीपाशी, एक फवारा मारायला हरकत नाही. पण पैठणीवर किंवा कुठल्याही रेशमावर नको. अल्कोहोल आणि तेल दोन्हींचा डाग पडू शकतो, आणि जरीचं काय होईल ते सांगता येत नाही. लग्नाला निघताना आधी परफ्यूम, मग पाच मिनिटांनी साडी.

डिकीत किंवा बाथरूममध्ये बाटली ठेवत असाल तर ती आधी हलवा. उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरची डिकी म्हणजे भट्टी. ढोबळमानाने दर १० अंशांमागे घटकांच्या उडण्याचा वेग दुप्पट होतो, आणि बंद बाटलीतही उष्णतेने रासायनिक बदल वेग घेतात. लिंबूवर्गीय परफ्यूम सगळ्यांत आधी बिघडतो: सुरुवातीच्या वासात टर्पेंटाइन किंवा जुन्या वार्निशची झाक येते. रंग गडद होणं हे मात्र बिघडल्याचं लक्षण असेलच असं नाही. व्हॅनिलिन असलेला परफ्यूम काळाबरोबर तपकिरी होतोच, आणि वासाने ठणठणीत असतो.

डुप्लिकेटचा संशय मी सगळ्यांत शेवटी घेते. कारण नकली माल बनवणाऱ्याला टिकणारे घटक वापरणं अजिबात अवघड नाही. ते स्वस्तात जमतं. नकली परफ्यूम बरेचदा दिवसभर टिकतो, फक्त त्याचा पहिला तास कर्कश आणि सपाट असतो. ‘टिकत नाही म्हणजे डुप्लिकेट’ हा तर्क त्यामुळेच लंगडा आहे.

मग जास्त पैसे कशाचे?

हे वाक्य लोकांना पटायला वेळ लागतो: परफ्यूममधलं जे टिकतं ते बरेचदा स्वस्त असतं आणि जे महाग असतं ते बरेचदा आधी उडतं. एक किलो गुलाबाचं अस्सल तेल काढायला साडेतीन-चार टन पाकळ्या लागतात. नेरोली, म्हणजे नारिंगाच्या फुलांचं तेल, असंच महाग. दोन्हींतला बराच भाग सकाळच्या चहापर्यंत उडतो. उलट गॅलेक्सोलाइड किंवा आयसो ई सुपर कारखान्यात टनांनी बनतात, साबण-डिटर्जंटमध्येही वापरले जातात, आणि संध्याकाळी शर्टात मुक्काम ठोकून असतात. अस्सल चंदनाचं तेल हा मोठा अपवाद: महागही आणि टिकाऊही. म्हणून तर कनौजच्या जुन्या पद्धतीत फुलांचा अर्क चंदनाच्या तेलातच उतरवतात. कॅम्पातल्या एखाद्या जुन्या दुकानात तसं अत्तर मिळालं तर ते दिवसभर राहील, पण अल्कोहोल नसल्यामुळे अंगाजवळच राहील. शेजारच्या डेस्कपर्यंत पोचणार नाही.

दुसरं, किमतीत तेलाचा वाटा तुम्हाला वाटतो तितका मोठा नसतो. काच, खोका, जाहिरात, वितरक, दुकानाचं भाडं, आयात शुल्क, जीएसटी हे सगळं ईडीटी आणि ईडीपीला जवळपास सारखंच लागतं. त्यामुळे तेल जवळपास दुप्पट असलं तरी किंमत दुप्पट होत नाही. उदाहरणासाठी समजा, एकाच नावाचा १०० मिलि ईडीटी ९,००० रुपयांना आणि ईडीपी ११,००० रुपयांना आहे. पहिल्यात १० मिलि तेल, म्हणजे मिलिला ९०० रुपये. दुसऱ्यात १८ मिलि, म्हणजे मिलिला साधारण ६१० रुपये. फवाऱ्याचा हिशोब केला तर ईडीटीचा फवारा ९ रुपयांचा, ईडीपीचा ११ रुपयांचा. पाच फवारे ईडीटी म्हणजे ४५ रुपये, तीन फवारे ईडीपी म्हणजे ३३ रुपये, आणि अंगावर पडलेलं तेल जवळपास सारखं.

तेव्हा ईडीपी महाग आहे म्हणून ईडीटी घेणं हिशोबात बसत नाही. ईडीटी घ्यायचा तो त्याचा वास वेगळा आहे आणि तोच हवा आहे म्हणून. आणि ईडीपी घ्यायचा तर त्याचा चार तासांनंतरचा वास आवडला तरच, कारण तुम्ही जादा पैसे त्या वासासाठी देताय. दुकानात पट्टीवर हुंगून लगेच बाटली घेणारे लोक पहिल्या पाच मिनिटांचा वास विकत घेतात आणि उरलेला दिवस दुसऱ्याच वासाबरोबर काढतात. लक्ष्मी रोडवर खरेदीला आलात तर आधी हातावर एक फवारा घ्या, बाकीची कामं उरका, जेवा, आणि मग ठरवा. विक्रेता ‘सर, ऑफर आजच आहे’ म्हणेल. म्हणू द्या.

खोक्यावरच्या घटकांच्या यादीवरूनही थोडा सुगावा लागतो. अल्कोहोल, पर्फ्यूम, अ‍ॅक्वा यांच्यानंतर लिमोनीन, लिनालूल, सिट्रल अशी नावं आधी आणि कुमारिन वगैरे शेवटी किंवा नाहीतच, तर तो बहुधा हलक्या बाजूचा परफ्यूम आहे. यावर फार भिस्त ठेवू नका. एक टक्क्याखालच्या घटकांचा क्रम कसाही लावलेला चालतो, आणि कस्तुरी किंवा अँब्रॉक्सानसारखे टिकाऊ घटक ‘पर्फ्यूम’ या एका शब्दाआड लपलेले असतात.

मावसभावाने शेवटी बदललं ते एवढंच. छोटा स्प्रे बॅगेतून काढला आणि मोठ्या बाटलीतून तीन फवारे: एक छातीवर, मॉइश्चरायझर लावून, शर्टाच्या आत, एक मानेच्या मागच्या बाजूला, नाकापासून लांब, एक बनियनवर. म्हणजे ०.३ मिलि, तेल साधारण ५४ मिलिग्रॅम, तेही अशा जागी जिथे वारा, हात धुणं आणि सॅनिटायझर पोचत नाही. संध्याकाळी सातला त्याच्या बायकोला वास येतो. त्याला स्वतःला शर्ट काढतानाच काय तो येतो. लिंबाचा तो सुरुवातीचा झटका मात्र अजूनही वाकड पुलाच्या आधीच संपतो. त्यासाठी त्याने जुना ईडीटी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. दुपारी चहाच्या आधी त्याचा एक फवारा, बाहीवर.